गावाकडे आलेला लांबलेला ताप आणि वाढलेली पानथरी : काळ्या आजाराची ओळख

ताप म्हटलं की आपल्याकडे हिवताप, टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुनिया ही नावं लगेच तोंडावर येतात. आज आम्ही एका वेगळ्याच तापाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव काळा आजार. हिंदीत त्याला कालाजार म्हणतात, आणि डॉक्टरी भाषेत व्हिसरल लेशमॅनियासिस.

हा आजार आपल्या सांगली-सातारा भागातला नाही. त्याचं घर बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाचा पूर्वेकडचा भाग. मग तासगावात बसून त्याची माहिती कशाला घ्यायची, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आपल्याच घरांत आहे. तासगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. सोनं-चांदी गाळण्याची त्यांची दुकानं कुठकुठल्या गावांत आहेत, ते आपल्याला माहीत आहे. सण, लग्न, जत्रा आली की ती कुटुंबं गावाकडे येतात. तसंच आपल्या द्राक्षबागांत आणि बेदाण्याच्या शेडवर परराज्यातली माणसं कामाला येतात. आजार ज्या गावात लागला, तिथेच तो अंगावर दिसेल असं नाही. लागण झाल्यावर ताप सुरू व्हायला साधारण दोन ते सहा महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे माणूस तिकडे आजारी पडत नाही, इकडे आल्यावर पडतो. आणि इकडच्या डॉक्टरांनी हा आजार क्वचितच पाहिलेला असतो, त्यामुळे तो त्यांच्या डोक्यात लवकर येत नाही.

आजार होतो कसा, ते आधी पाहू. सँडफ्लाय, म्हणजे वालुमाशी, नावाची एक बारीक माशी असते. बिहारमध्ये तिला बालू मक्खी म्हणतात. ती डासापेक्षा बरीच लहान असते. तिचा आवाज येत नाही. ती उंच उडत नाही, टुणटुण उड्या मारल्यासारखी जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, ओलसर जमीन, गोठ्यातला शेणकचरा ही तिची जागा. ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. आजारी माणसाला चावून मग दुसऱ्याला चावली, की आजाराचे जंतू त्याच्या अंगात जातात. जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा कपडे धुतल्याने हा आजार लागत नाही. त्यामुळे आजारी बाईला वेगळी खोली द्यायची, तिची भांडी वेगळी करायची काही गरज नाही.

हे जंतू रक्तात नुसते फिरत राहत नाहीत. ते पानथरी, यकृत आणि हाडातला मगज या तीन ठिकाणी घर करतात. पानथरी म्हणजे प्लीहा. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड ती असते, आणि एरवी हाताला लागत नाही. या आजारात ती हळूहळू फुगते आणि बरगडीखालून खाली उतरते, कधी बेंबीपर्यंत. हाडाच्या मगजात रक्त तयार होतं. तिथेच जंतू बसले की रक्त कमी पडतं. फुगलेली पानथरीही रक्तातल्या पेशी अडवून ठेवते. म्हणून बाई पांढरी पडते, चालताना दम लागतो, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. अंगातली लढण्याची ताकद गेल्यामुळे न्यूमोनिया, क्षय, जुलाब असे दुसरे आजार घुसतात. उपचार झाले नाहीत तर हा आजार जवळपास प्रत्येक वेळी जीव घेतो, आणि बहुतेकदा तो या दुसऱ्या आजारांच्या आडून घेतो. काहींच्या चेहऱ्याची आणि हातापायांची कातडी काळपट होते. त्यावरूनच काळा आजार हे नाव पडलं. पण कातडी काळी पडायची वाट बघू नका. पुष्कळांची पडतच नाही.

आता एक उदाहरण घेऊ. हे आम्ही समजावण्यापुरतं रचलेलं आहे, पण असंच घडतं.

तासगाव तालुक्यातली पस्तीस वर्षांची एक बाई. नवऱ्याचं गलाईचं दुकान बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका बाजारगावात. तीन वर्षं ती तिकडे राहिली. दिवाळीला गावी आली. नोव्हेंबरच्या शेवटी ताप सुरू झाला. रोज संध्याकाळी अंग तापायचं, थंडी वाजायची, घाम येऊन उतरायचं. गावातल्या दवाखान्यात हिवतापासाठी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग टायफॉइडची विडाल तपासणी केली. ती थोडी पॉझिटिव्ह आली. दहा दिवस गोळ्या-इंजेक्शनं झाली. ताप चार दिवस जरा कमी वाटला आणि परत आला.

इथे पहिली अडचण आहे. विडाल तपासणी टायफॉइड नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा अंगात दुसराच काही आजार असेल, तरी ती तसं दाखवते. आणि काळ्या आजाराचा ताप मधूनच स्वतःहून उतरतो. त्यामुळे औषध लागू पडलं असं वाटतं, पण ते खरं नसतं.

दुसऱ्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं आणि सोबत एक स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. दोन दिवस तिला तरतरी आली, भूक लागली. पण स्टेरॉइड अंगातली लढण्याची ताकद आणखी कमी करतं. ज्या आजारात ती ताकद आधीच खचलेली आहे, त्यात निदान न होता दिलेलं स्टेरॉइड धोक्याचं. तीन आठवड्यांत तिचं वजन पाच किलोने उतरलं. सासूबाई म्हणाल्या, “जेवते तर बरी, मग वाळते कशानं?” ही सासूबाईंची नजर अगदी बरोबर होती. या आजारात सुरुवातीला भूक पुष्कळदा टिकून असते, तरी अंग वाळत जातं.

ताप पाचव्या आठवड्यात गेला तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी तिला उताणं झोपवून गुडघे वाकवायला लावले आणि डाव्या बरगडीखाली हात ठेवून मोठा श्वास घ्यायला सांगितला. चार बोटं पानथरी हाताला लागली. सोनोग्राफीत तिची लांबी १७ सेंटीमीटर निघाली. एरवी ती साधारण १२ सेंटीमीटरपर्यंत असते. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७, पांढऱ्या पेशी २,४०० आणि प्लेटलेट ९०,००० निघाल्या. तिन्ही कमी.

सोनोग्राफी पानथरी किती वाढली ते सांगते, का वाढली ते सांगत नाही. हिवताप, क्षय, यकृताचा जुना आजार, रक्ताचा कॅन्सर, सिकलसेल, थॅलेसेमिया या सगळ्यांत पानथरी वाढू शकते. आपल्या भागात यांतलंच काही असण्याची शक्यता जास्त. म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. डॉक्टर बाईंनी विचारलं, “ताई, मागच्या दोन वर्षांत कुठं राहायला होता?” उत्तर आलं, “सारण जिल्हा, बिहार.” तिथे धागा सापडला.

मैत्रिणींनो, हा प्रश्न कुणी विचारला नाही तर आपण स्वतःहून सांगायचं. राज्य सांगून थांबायचं नाही, जिल्हाही सांगायचा. बिहारमधले सारण, सिवान, मुजफ्फरपूर, वैशाली, पूर्व चंपारण, झारखंडमधले दुमका, गोड्डा, साहिबगंज, पाकूड ही नावं या आजाराशी जोडलेली आहेत.

आता तपासणी. या आजाराची एक पट्टीची तपासणी आहे, तिला आर-के-३९ म्हणतात. गरोदरपणाची पट्टी असते तशीच ही दिसते. बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचा एक थेंब घेतात, त्यावर बाटलीतल्या द्रावणाचे थेंब टाकतात आणि साधारण दहा मिनिटं थांबतात. एकच रेघ आली, तीही तपासणी बरोबर झाल्याची खूण असलेल्या जागी, तर निगेटिव्ह. दोन रेघा आल्या तर पॉझिटिव्ह, मग दुसरी रेघ फिकट का असेना. खुणेची रेघच उमटली नाही तर ती पट्टी बाद, नवी पट्टी घेऊन पुन्हा करायची. आपल्या उदाहरणातल्या बाईच्या पट्टीवर दोन रेघा आल्या.

पण ही पट्टी जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला अंगाने जे तयार केलेलं असतं, ते शोधते. यातून तीन गोष्टी निघतात, आणि त्या नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली अशी, की आजार बरा झाल्यावरही पट्टी कित्येक वर्षं पॉझिटिव्ह येत राहते. म्हणून ज्याला पूर्वी काळा आजार होऊन गेला आहे, त्याला परत ताप आला तर या पट्टीवरून काही ठरवता येत नाही. दुसरी, त्या भागात राहिलेल्या काही ठणठणीत माणसांचीही पट्टी पॉझिटिव्ह येते. त्यांना औषध द्यायचं नसतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप, वाढलेली पानथरी आणि पॉझिटिव्ह पट्टी ही तिन्ही एकत्र हवीत. तिसरी, ताप नुकताच सुरू झाला असेल किंवा माणसाला एचआयव्ही असेल, तर आजार असूनही पट्टी निगेटिव्ह येऊ शकते.

अशा अडलेल्या वेळी जंतू प्रत्यक्ष पाहावे लागतात. त्यासाठी कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज काढून काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जागा बधिर करून हे करतात. थोडं दुखतं, पण धोका फार नसतो. पानथरीत सुई घालून नमुना घेतला तर जंतू सापडण्याची खात्री जास्त, पण आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी आधी करून, सरावातले डॉक्टरच ते करतात. “पाठीतून पाणी काढतात आणि माणूस लुळा पडतो” अशी भीती गावात असते. मगजाच्या तपासणीत पाठीच्या कण्याला हात लावत नाहीत.

काळा आजार ठरला की आणखी दोन तपासण्या टाळायच्या नाहीत, एचआयव्हीची आणि क्षयाची. यात कुणाच्या चारित्र्यावर शंका घेण्याचा प्रश्न नाही. एचआयव्ही असेल तर औषधाची मात्रा बदलते. क्षय सोबत असेल आणि तो राहून गेला, तर काळा आजार बरा होऊनही ताप जात नाही.

आता उपचाराकडे येऊ. शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी या आजारावर अँटिमनीपासून केलेलं औषध शोधलं. त्या जातीच्या इंजेक्शनांनी पुढे लाखो माणसं वाचली. पण उत्तर बिहारमध्ये १९९० नंतर ती इंजेक्शनं निकामी होऊ लागली, अर्ध्याहून जास्त रुग्णांना गुण येईना. कमी मात्रेत आणि तोडून तोडून घेतलेली औषधं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. आता बिहारकडून आलेल्या रुग्णाला ती जुनी इंजेक्शनं देत नाहीत.

आज आपल्या देशात पहिला उपचार आहे लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी. औषधाचे कण चरबीच्या बारीक थेंबांत गुंडाळलेले असतात, त्यामुळे ते थेट पानथरी-यकृतात जातात आणि मूत्रपिंडाला त्रास कमी होतो. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला १० मिलिग्रॅम, आणि तीही एकदाच. आपल्या बाईचं वजन ४५ किलो. म्हणजे ४५० मिलिग्रॅम औषध. एका कुपीत ५० मिलिग्रॅम असतं, म्हणून नऊ कुप्या लागल्या. त्या साखरेच्या सलाईनमध्येच मिसळतात, मिठाच्या सलाईनमध्ये नाही, कारण मिठाने औषध फाटतं. आधी अगदी थोडं औषध देऊन अंगाला सोसतं का ते बघतात, मग साधारण दोन तासांत बाकीचं सलाईन देतात. त्या वेळात थंडी भरणं, अंग दुखणं, कंबर धरणं असं होऊ शकतं. तसं झालं की सिस्टरांना लगेच सांगायचं, त्या सलाईनचा वेग कमी करतात. एका दिवसात औषध पूर्ण होतं. गरोदर बाईलाही हेच औषध देतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अ‍ॅम्फोटेरिसिन साधंही मिळतं. त्याची मात्रा अगदी वेगळी, दर किलोला फक्त १ मिलिग्रॅम, आणि ते एक दिवसाआड अशी पंधरा सलाईनं देतात. साधं औषध जर लिपोसोमलच्या मात्रेत दिलं गेलं तर जिवावर बेततं. त्यामुळे “हे लिपोसोमल आहे ना?” एवढं विचारायला लाजू नका. साधं औषध चालू असेल तर मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

ज्यांना हे औषध देता येत नाही, त्यांच्यासाठी मिल्टेफोसिन नावाची गोळी आहे, ती २८ दिवस घेतात, आणि पॅरोमोमायसिनची इंजेक्शनं आहेत, ती २१ दिवस चालतात. मिल्टेफोसिनने उलट्या-जुलाब होतात, म्हणून जेवणानंतरच घ्यायची. ही गोळी गरोदरपणात बिलकूल चालत नाही, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. गोळी चालू असताना आणि नंतरही काही महिने दिवस जाऊ नयेत याची पक्की सोय करावी लागते. डोळे लाल झाले किंवा अंधुक दिसू लागलं तर लगेच दाखवायचं.

औषध कुठे मिळणार, हा पुढचा प्रश्न. काळा आजार सरकारच्या कीटकजन्य रोगांच्या कार्यक्रमात येतो, आणि त्या कार्यक्रमात तपासणी आणि औषध फुकट असतं. आपल्या जिल्ह्यात हे काम जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे असतं. पट्टी किंवा औषध इथल्या कपाटात तयार असेलच असं नाही, मागवावं लागू शकतं. म्हणून आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत कार्यालयाला लवकर कळवायचं, आणि रुग्णाला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी न्यायचं.

आपल्या बाईचा ताप पाचव्या दिवशी उतरला. पानथरी लगेच आत गेली नाही, त्याला काही महिने लागतात. एक महिन्याने तिचं वजन वाढलं होतं, हिमोग्लोबिन ९ वर आलं होतं. सहा महिन्यांनी पानथरी हाताला लागेनाशी झाली. ताप जाणं, वजन वाढणं, रक्त वाढणं, पानथरी आत जाणं, या चार गोष्टींवरून बरं झालं असं ठरवतात. पट्टीवरून नाही. बरं झालं का बघायला कुणी पुन्हा पट्टी करत असेल तर तो पैसा वाया आहे. काही जणांना वर्षाच्या आत आजार उलटतो, म्हणून एक महिना, सहा महिने आणि एक वर्ष अशा तीन वेळा दाखवून यायचं.

आणि एवढ्यावर लक्ष काढून घ्यायचं नाही. बरं झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, काहींच्या चेहऱ्यावर, छातीवर, हातांवर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. ताप नसतो, दुखत नाही, खाजही नसते. लोकांना ते कोड किंवा कुष्ठरोग वाटतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला पुष्कळदा स्पर्श कळत नाही, या चट्ट्याला कळतो. माणूस हिंडता-फिरता असतो, पण त्या चट्ट्यांतले जंतू माशीमार्फत दुसऱ्याला जाऊ शकतात. त्यावर मिल्टेफोसिनचा बारा आठवड्यांचा उपचार असतो. म्हणून डॉक्टरांना दाखवताना “मला पूर्वी काळा आजार झाला होता” हे वाक्य विसरायचं नाही.

देशात २००७ साली या आजाराचे ४४ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ साली ते सहाशेच्या आसपास आले. घरोघर फवारणी, पट्टीची तपासणी आणि एका दिवसाचं औषध, यांनी हे घडलं. पण आजार जितका कमी होतो, तितका तो डॉक्टरांना कमी आठवतो. सहाशेतला एखादा रुग्ण आपल्या गावात उतरला, तर त्याला ओळखण्याचं काम अवघडच होणार.

आपली जी माणसं तिकडे राहतात त्यांना फोनवर दोन गोष्टी सांगा. फवारणीवाले आले की स्वयंपाकघर, देवघर आणि गोठा सोडून फवारा मारू द्यायचा नाही. भांडी-धान्य झाकायचं आणि सगळ्या घरात मारू द्यायचं. माशी उंच जात नाही, म्हणून भिंतींवर सहा फुटांपर्यंत मारतात. त्यावर लगेच सारवण किंवा रंग लावला तर औषध झाकलं जातं. आणि रात्री बारीक छिद्रांच्या मच्छरदाणीत झोपायचं.

इकडे आपल्या गटात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप असेल, हिवतापाची तपासणी निगेटिव्ह असेल, टायफॉइडचं औषध होऊनही ताप हटत नसेल, तर दवाखान्यात चार गोष्टी सांगा. ताप किती दिवसांचा आहे, वजन किती उतरलं, आतापर्यंत कोणती औषधं झाली, आणि मागच्या दोन वर्षांत माणूस कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात राहिला. जुने कागद एका पिशवीत घालून सोबत न्या. मग डॉक्टरांना म्हणा, “पानथरी एकदा हाताने बघा.”